चार आलेखांतून दिलेल्या फलनाचा आलेख ओळखणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवताना मला एका प्रकारच्या प्रश्नाविषयी सर्वांत जास्त शंका येतात. वर एक फलन दिलेले असते, खाली अ, ब, क, ड अशी चार छोटी चित्रे असतात आणि फलनाचा आलेख त्यांतला कोणता ते ओळखायचे असते. डिचोली, पेडणे आणि सत्तरी भागांतून मुलांनी व पालकांनी पाठवलेल्या शंकांपैकी ज्या पुन्हा पुन्हा आल्या, त्या येथे एकत्र केल्या आहेत. आपल्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पुढे गणित इंग्रजीतून करतात, म्हणून वर्गात रुळलेले डोमेन, असिम्टोट, डेरिव्हेटिव्ह हे शब्द तसेच ठेवले आहेत.

प्रश्न १. आधी काय पाहायचे, फलन की चित्रे?

आधी चित्रे पाहावीत. बहुतेक मुले फलन वाचताच त्याचा आलेख स्वतः काढायला घेतात आणि तो पूर्ण झाल्यावर चार चित्रांत त्याचा जोडीदार शोधतात. हा मार्ग चुकीचा नाही, पण लांबचा आहे. प्रश्नाने आपल्याला आलेख काढायला सांगितलेला नसून चारांतून एक निवडायला सांगितले आहे, आणि या दोन कामांना लागणारी माहिती सारखी नसते.

चारही चित्रे एकमेकांशेजारी ठेवून ती कोठे वेगळी आहेत तेवढेच शोधावे. एखाद्या ठिकाणी चारही चित्रे सारखी असतील, तर त्या ठिकाणाविषयी फलनाला काही विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर कळूनही एकही पर्याय गळणार नाही. जेथे दोन चित्रे वर जातात आणि दोन खाली, तेथेच फलनाची किंमत काढावी. पर्यायांत ‘यापैकी नाही’ असेल, तर मात्र हा नियम थोडा बदलतो. त्याविषयी प्रश्न ११ पाहा.

प्रश्न २. तपासण्या कोणत्या आणि त्यांचा क्रम काय असावा?

ज्या तपासणीला सर्वांत कमी कष्ट पडतात ती आधी करावी. बहुतेक वेळा `x = 0` ठेवणे सर्वांत स्वस्त असते, कारण त्यातून आलेख y-अक्षाला वर छेदतो की खाली हे एका ओळीत कळते. त्यानंतर फलन कोठे अस्तित्वातच नाही हे पाहावे, म्हणजे छेद कोठे शून्य होतो, वर्गमुळाखाली ऋण कोठे येते आणि लॉगला शून्य किंवा ऋण संख्या कोठे मिळते. मग x-अक्षाशी गाठ कोठे पडते आणि `x` खूप मोठा धन किंवा खूप मोठा ऋण झाल्यावर आलेख कोणत्या उंचीकडे जातो, या दोन गोष्टी येतात. `f(-x)` आणि `f(x)` यांचा संबंध उघड दिसत असेल, तर सममिती कोणत्याही टप्प्यावर वापरता येते.

डेरिव्हेटिव्ह शेवटी ठेवावा. तो निरुपयोगी आहे म्हणून नव्हे, तर त्याला वेळ लागतो, त्यात चिन्हाची चूक सहज होते आणि चारांपैकी दोन-तीन पर्याय त्याच्याआधीच गळालेले असतात. त्याच्याशिवाय चालत नाही अशी वेळ कधी येते, ते प्रश्न १० मध्ये आहे.

प्रश्न ३. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

पुढील फलन घेऊ.

`f(x) = (x − 1)² / (x² − 4)`

चारही चित्रांत `x = 2` आणि `x = −2` येथे तुटक उभ्या रेषा आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रत्येक आलेखाचे डावा, मधला व उजवा असे तीन तुकडे झाले आहेत. चारही आलेख `x = 1` येथे x-अक्षाला भेटतात. फरक असे आहेत. चित्र अ मध्ये मधला तुकडा खालून येतो, `x = 1` येथे अक्ष ओलांडतो आणि वर निघून जातो. चित्र ब मध्ये मधला तुकडा पूर्णपणे अक्षाच्या वर आहे, `x = 1` येथे अक्षाला वरून टेकतो, आणि बाजूचे दोन्ही तुकडे अक्षाच्या खाली आहेत. चित्र क आणि चित्र ड मध्ये मधला तुकडा अक्षाच्या खाली राहून `x = 1` येथे अक्षाला खालून टेकतो आणि पुन्हा खाली जातो. या दोहोंत फरक फक्त उजव्या तुकड्याचा आहे. ड मध्ये तो वरून उतरत `y = 1` या आडव्या तुटक रेषेच्या वरच राहतो, तर क मध्ये तो ती रेषा ओलांडून थोडा खाली उतरतो आणि मग खालून तिच्या जवळ येतो.

आता फलनाकडे वळू. उभ्या रेषा चारही चित्रांत सारख्या असल्यामुळे छेदाची मुळे काढण्याची गरज नाही. `x = 0` ठेवल्यास `f(0) = 1/(−4)`, म्हणजे `−0.25` मिळते. चित्र ब y-अक्षाला वरच्या बाजूस छेदते, म्हणून ते गेले.

दुसरी तपासणी `x = 1` ची. अंशात `(x − 1)` चा वर्ग आहे आणि वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून `x = 1` च्या दोन्ही बाजूंना फलनाचे चिन्ह छेदच ठरवतो. `x = 1` च्या आसपास छेद `−3` च्या जवळ आहे, म्हणजे ऋण. तेव्हा आलेख दोन्ही बाजूंना अक्षाच्या खाली आहे आणि अक्षाला फक्त टेकतो. चित्र अ गेले.

उरले क आणि ड. त्यांच्यात फरक उजवीकडेच आहे, म्हणून उजवीकडचाच एखादा सोयीचा आकडा घ्यावा. `x = 3` ठेवल्यास `4/5`, म्हणजे `0.8` मिळते. ही किंमत 1 पेक्षा कमी आहे. चित्र ड मध्ये उजवा तुकडा 1 च्या खाली कधीच जात नाही, म्हणून ते गेले आणि उत्तर क.

तीन किंमती, एकही डेरिव्हेटिव्ह नाही. घरी मात्र डेरिव्हेटिव्ह घेऊन पडताळा जरूर पाहावा. त्याचा अंश सोपा होऊन `2(x − 1)(x − 4)` असा येतो, म्हणजे वळणे `x = 1` आणि `x = 4` येथे आहेत. `f(4) = 9/12 = 0.75`, आणि चित्र क मधला उजवीकडचा सर्वांत खालचा बिंदू नेमका तोच आहे.

प्रश्न ४. माझी मुलगी प्रत्येक वेळी x च्या किंमतींचा तक्ता करते, बिंदू जोडते आणि तरी पर्याय चुकवते. असे का होते?

तक्ता चुकत नाही, बिंदू जोडताना चूक होते. एका विद्यार्थ्याने प्रश्न ३ मधल्याच फलनासाठी केलेल्या तक्त्याचा फोटो मला पाठवला होता. त्याने `−3` पासून `3` पर्यंतचे पूर्णांक घेतले होते आणि किंमती अनुक्रमे `3.2`, ‘नाही’, `−1.33`, `−0.25`, `0`, ‘नाही’, `0.8` अशा अगदी बरोबर काढल्या होत्या. पण आलेखकागदावर त्याने ‘नाही’ असलेल्या दोन्ही जागा सोडून दिल्या आणि `(1, 0)` पासून `(3, 0.8)` पर्यंत पेन्सिलीने एक सरळ, सुबक रेघ ओढली. त्या रेघेमुळे आलेख `x = 1` येथे अक्ष ओलांडून वर जाताना दिसू लागला आणि त्याने चित्र अ निवडले.

प्रत्यक्षात `x = 1` नंतर आलेख खाली वळतो आणि `x = 2` च्या जवळ अमर्याद खाली जातो. `x = 1.9` घेतले तर किंमत `−2` च्याही खाली येते, आणि `x = 2.1` घेतले तर ती जवळपास `3` येते. म्हणून तक्ता करायचाच असेल, तर जेथे ‘नाही’ आले त्या जागी आधी उभी तुटक रेषा काढावी आणि तिच्या पलीकडे पेन्सिल नेऊ नये. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळचा एकेक आकडा घ्यावा. किंमत नेमकी काढण्याची गरज नाही, चिन्ह कळले तरी काम होते.

प्रश्न ५. असिम्टोटला आलेख कधीच छेदत नाही, असे आम्हांला शिकवले आहे. मग प्रश्न ३ मध्ये छेदतो कसा?

हा समज फार पसरलेला आहे आणि पर्याय रचणारे त्याचा उपयोग करून घेतात. चित्र ड हे नेमके या समजासाठीच ठेवलेले चित्र आहे.

उभ्या असिम्टोटविषयी, निदान प्रश्न ३ सारख्या अंश-छेदाच्या फलनांत, तो नियम खरा आहे, कारण त्या `x` ला फलनाची किंमतच नसते आणि जेथे किंमत नाही तेथे बिंदू असू शकत नाही. आडवा असिम्टोट ही वेगळी गोष्ट आहे. `x` खूप दूर गेल्यावर आलेख कोणत्या उंचीच्या जवळ जातो, एवढेच तो सांगतो. मधल्या भागात आलेखाने ती उंची ओलांडू नये, असे कोणतेही बंधन त्यात नाही. `sin x / x` चा आलेख तर `y = 0` या आपल्या असिम्टोटला अगणित वेळा छेदतो.

छेद होतो की नाही हे शोधणे सोपे आहे. फलन त्या उंचीइतके ठेवून समीकरण सोडवावे. आपल्या उदाहरणात `(x − 1)² = x² − 4` मांडल्यास दोन्हींकडचे `x²` जातात आणि `x = 2.5` मिळते, म्हणजे छेद एकदाच आणि उजव्या तुकड्यात होतो. या समीकरणाला उत्तरच नसते, तर चित्र ड सारखा आकार शक्य होता. आलेख असिम्टोटजवळ वरून येतो की खालून, हेही यातूनच कळते. `f(x) − 1` हे `(5 − 2x)/(x² − 4)` इतके आहे, आणि `x` मोठा धन असेल तर ते ऋण, मोठा ऋण असेल तर धन येते. म्हणून उजवीकडे आलेख रेषेच्या खालून आणि डावीकडे वरून जवळ येतो.

प्रश्न ६. आलेख अक्षाला नुसता टेकतो की ओलांडतो, हे सूत्रावरून कसे ओळखायचे?

त्या मुळाच्या अवयवाचा घात पाहावा. घात सम असेल तर त्या अवयवाचे चिन्ह मुळाच्या दोन्ही बाजूंना सारखे राहते, म्हणून आलेख टेकून परततो. घात विषम असेल तर चिन्ह बदलते आणि आलेख ओलांडतो. घात 3 किंवा त्याहून मोठा विषम असेल, तर आलेख ओलांडताना अक्षालगत थोडा आडवा होतो. चार चित्रांत एक सरळ ओलांडणारे आणि एक आडवे होऊन ओलांडणारे असेल, तर फरक या घाताचाच असतो.

हाच विचार छेदालाही लागू होतो, आणि तेथे तो कमी मुलांना आठवतो. `1/(x − 2)` मध्ये उभ्या रेषेच्या एका बाजूला आलेख वर जातो आणि दुसऱ्या बाजूला खाली. `1/(x − 2)²` मध्ये दोन्ही बाजूंना वरच जातो. चित्रांतील उभ्या रेषेलगतचे दोन टोकदार हात एकाच दिशेला आहेत की विरुद्ध, एवढे पाहिले तरी बऱ्याचदा दोन पर्याय लगेच गळतात.

प्रश्न ७. अंश आणि छेदातला सामाईक अवयव गेल्यावर उरलेल्या फलनाचा आलेख निवडला, तरी उत्तर चुकले. का?

अवयव जातो, पण त्याने घातलेली मनाई जात नाही. `(x² − 1)/(x − 1)` हे सोपे करून `x + 1` मिळते, पण मूळ फलन `x = 1` येथे अस्तित्वात नाही. त्याचा आलेख `y = x + 1` ही रेषाच आहे, मात्र `(1, 2)` हा एक बिंदू वगळून. तेथे एक पोकळ वर्तुळ काढतात. येथे दोन प्रकारचे चुकीचे पर्याय दिलेले असतात. एकात रेषा अखंड असते आणि दुसऱ्यात `x = 1` येथे उभा असिम्टोट दाखवलेला असतो. छेद शून्य झाला म्हणजे असिम्टोट आलाच, असे समजणारी मुले दुसऱ्या पर्यायात सापडतात.

झेरॉक्स केलेल्या सराव-प्रश्नपत्रिकेत हे पोकळ वर्तुळ बुजून ठिपक्यासारखे दिसते किंवा पुरते नाहीसे होते, म्हणून दोन पर्याय एकसारखे वाटू लागले तर आधी या वर्तुळाचा शोध घ्यावा. मोबाइलवर आलेख काढून पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की एका बिंदूला रुंदी नसते, त्यामुळे पडद्यावर ती रेषा अखंडच दिसण्याचा संभव असतो.

सोपे रूप देताना डोमेन वाढण्याची किंवा कमी होण्याची चूक इतर ठिकाणीही होते. `log(x²)` चा आलेख y-अक्षाच्या दोन्ही बाजूंना आहे, `2 log x` चा फक्त उजवीकडे. `√(x²)` म्हणजे `x` नव्हे, ते `|x|` आहे. कोणतेही रूपांतर करण्यापूर्वी मूळ फलनाचे डोमेन कोपऱ्यात लिहून ठेवावे.

प्रश्न ८. |f(x)|, f(|x|) आणि |y| = f(x) या तिघांत नेहमी गोंधळ होतो. ते वेगळे कसे करायचे?

`f(x) = (x − 1)(x − 3)` हे एकच फलन घेऊन तिन्ही पाहू. मूळ आलेख वर उघडणारा पॅराबोला आहे. तो y-अक्षाला 3 वर, x-अक्षाला 1 आणि 3 वर भेटतो आणि त्याचा सर्वांत खालचा बिंदू `(2, −1)` आहे.

`|f(x)|` मध्ये मोड्युलस उत्तरावर, म्हणजे उंचीवर आहे. म्हणून अक्षाखाली गेलेला भाग वर दुमडला जातो, `(2, −1)` चा `(2, 1)` होतो आणि 1 व 3 येथे टोकदार कोपरे दिसतात. डावी-उजवी बाजू जशीच्या तशी राहते.

`f(|x|)` मध्ये मोड्युलस आत, `x` वर आहे. फलनाला `−2` दिले काय आणि `2` दिले काय, त्याच्यापर्यंत 2 च पोहोचतो. म्हणून मूळ आलेखाचा डावा भाग पुसून टाकावा आणि उजव्या भागाचे y-अक्षातले प्रतिबिंब तेथे ठेवावे. आता x-अक्षाशी चार ठिकाणी गाठ पडते, `±1` आणि `±3`, आणि मध्ये `(0, 3)` येथे टोक येते. आलेख अक्षाखाली जाऊ शकतो, हे येथे विसरू नये.

`|y| = f(x)` मध्ये `f(x)` ऋण असेल तेथे कोणताच `y` चालत नाही, म्हणून 1 आणि 3 यांच्यामधली पट्टी रिकामी राहते. बाकीच्या ठिकाणी प्रत्येक बिंदूचे x-अक्षातले प्रतिबिंबही येते. एका `x` ला दोन `y` मिळाल्यामुळे हे फलनच नाही. प्रश्नात ‘फलनाचा आलेख’ असे स्पष्ट म्हटले असेल, तर असे चित्र इतर काही न पाहता गाळता येते.

प्रश्न ९. x मधून 2 वजा केले तर आलेख डावीकडे जायला हवा. तो उजवीकडे का जातो?

आलेख ज्या `x` ला काही विशेष करत होता, तेच करण्यासाठी आता त्याला 2 ने मोठा `x` लागतो, म्हणून. समजा `f` चे शिखर `x = 3` येथे आहे. `f(x − 2)` ला शिखर गाठायचे तर कंसातल्या राशीने 3 व्हायला हवे, आणि ते `x = 5` असताना होते. शिखर 3 वरून 5 वर, म्हणजे उजवीकडे गेले.

नियम पाठ करण्यापेक्षा चित्रातला एक ठळक बिंदू धरून असे समीकरण मांडणे जास्त खात्रीचे असते, विशेषतः `f(2x − 4)` सारख्या ठिकाणी. तेथे अनेक मुले आलेख आधी निम्म्या रुंदीचा करतात आणि मग 4 ने उजवीकडे सरकवतात, त्यामुळे शिखर `5.5` वर येते. `2x − 4 = 3` सोडवले तर `x = 3.5` मिळते, आणि बरोबर चित्र तेच आहे.

प्रश्न १०. डेरिव्हेटिव्ह घेतल्याशिवाय चालतच नाही, असे कधी होते?

जेव्हा उरलेल्या दोन चित्रांत फरक फक्त चढ-उताराचा असतो, तेव्हा. `x + sin x` हे त्याचे चांगले उदाहरण आहे. एका चित्रात `y = x` या रेषेभोवती लाटा घेत आलेख मधूनमधून खाली उतरतो, तर दुसऱ्यात तो लाटा घेतो पण खाली कधीच येत नाही, फक्त काही ठिकाणी क्षणभर आडवा होतो. y-अक्षावरचा छेद, डोमेन, सममिती, दूरचे वर्तन, या सर्व गोष्टी दोहोंत सारख्या असतात.

डेरिव्हेटिव्ह `1 + cos x` आहे, आणि तो शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून न उतरणारे चित्र बरोबर. `x + 2 sin x` असते तर डेरिव्हेटिव्ह `1 + 2 cos x` झाला असता, तो `2π/3` आणि `4π/3` यांच्यामध्ये ऋण आहे, आणि तेव्हा उतरणारे चित्र बरोबर ठरले असते. 

याउलट डेरिव्हेटिव्हनेही काम होत नाही अशी वेळ वक्र सपाट होत जाताना येते. `log x` आणि `tan⁻¹ x` दोन्ही उजवीकडे सपाट होत जातात, पण `tan⁻¹ x` वर `π/2` हे छत आहे आणि `log x` वर कोणतेच नाही. छत आहे की नाही हे पाहायला डेरिव्हेटिव्ह उपयोगी पडत नाही, कारण दोन्हींचा डेरिव्हेटिव्ह शून्याकडेच जातो. तेथे ‘अमुक उंची कधी येते?’ असे विचारावे. `log x` ला 5 ही उंची `x` सुमारे 148 असताना मिळते, आणि कोणतीही उंची घेतली तरी तिच्यासाठी `e` चा तो घात तयार असतो. म्हणून ज्या चित्रात `log x` आडव्या तुटक रेषेखाली दबलेला आहे, ते चित्र चूक. `√x` आणि `log x` यांत शंका आली तर उगम पाहावा: `√x` उगमबिंदूपासून निघतो, तर `log x` उजवीकडून शून्याजवळ जाताना अमर्याद खाली जातो आणि `(1, 0)` मधून जातो.

प्रश्न ११. चौथा पर्याय ‘यापैकी नाही’ असेल तर काय करावे?

तेव्हा गाळणी पुरेशी नसते. तीन चित्रांपैकी दोन गळाली म्हणून तिसरे बरोबर ठरत नाही. तेही चुकीचे असू शकते. प्रश्न ३ मध्ये आपण उभ्या रेषा आणि आडव्या रेषेची उंची तपासली नाही, कारण उभ्या रेषा चारही चित्रांत आणि आडवी रेषा शेवटी उरलेल्या क व ड मध्ये सारखी होती, आणि एक चित्र बरोबर असणार हे ठरलेले होते. ‘यापैकी नाही’ असताना, चित्र क मधली आडवी रेषा `y = 1` ऐवजी `y = 2` वर काढलेली असती, तर आपल्या तिन्ही तपासण्यांतून ते चित्र निसटून गेले असते.

म्हणून उरलेल्या एका चित्राला पुन्हा पहिल्यापासून फलनाशी लावून पाहावे. y-अक्षावरचा छेद, मुळे, उभ्या रेषांच्या जागा आणि आडव्या रेषेची उंची या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. आडवी उंची अंश आणि छेदातल्या सर्वांत मोठ्या घातांच्या सहगुणकांवरून तोंडी निघते. आपल्या उदाहरणात ती `1/1` आहे.

प्रश्न १२. चित्रांवर आकडेच नसतील, नुसते अक्ष असतील तर?

मग अंतरे आणि उतार यांच्यावर विसंबू नये, कारण दोन्ही अक्षांचे माप सारखे असेल याची हमी नसते आणि `y = x` ही रेषासुद्धा 45 अंशांत दिसेलच असे नाही. अशा वेळी केवळ क्रम आणि चिन्हे वापरावीत: आधी मूळ येते की वळण, y-अक्षावरचा छेद वर आहे की खाली, आलेख टेकतो की ओलांडतो.

एकाच चित्रात अनेक वक्र असतील आणि त्यांना नावे लावायची असतील, तरी क्रमच कामी येतो. `√x`, `x`, `x²`, `x³` हे चारही वक्र `(1, 1)` मधून जातात. 0 आणि 1 यांच्यामध्ये सर्वांत वर `√x` आणि सर्वांत खाली `x³` असतो, आणि 1 च्या पुढे हा क्रम उलटतो. `x²` आणि `2ˣ` एकत्र दिले असतील तर मात्र सावध राहावे. ते `x = 2` आणि `x = 4` येथे भेटतात, आणखी एकदा y-अक्षाच्या डावीकडे भेटतात, आणि 2 व 4 यांच्यामध्ये `x²` वर असतो. केवळ ‘घातांकी फलन नेहमी वर असते’ असे धरून चाललेल्याचे वक्र येथे अदलाबदल होतात.

प्रश्न १३. दोन पर्याय उरले आणि वेळ संपत आली, तर अंदाजाने उत्तर द्यावे का?

जेईई मेनच्या बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण कापला जातो. दोनच पर्याय उरले असतील, तर अंदाजाने दिलेल्या उत्तराचे सरासरी मोल `(4 − 1)/2`, म्हणजे दीड गुण येते, म्हणून उत्तर द्यावे. चारही पर्याय शिल्लक असतील तर हेच मोल `(4 − 3)/4`, म्हणजे पाव गुण उरते. मात्र अंदाज करण्याआधी त्या दोन चित्रांच्या फरकाच्या जागी एखादी किंमत घालायला खरोखर किती वेळ लागेल ते पाहावे. प्रश्न ३ मध्ये क आणि ड यांचा निकाल `x = 3` या एका आकड्याने लागला होता, आणि तो तोंडी काढता येतो.